कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: धातूच्या पृष्ठभागावर काय घडतं आणि ते थांबलं हे कसं ओळखायचं

कन्व्हर्टर म्हणजे एक जाळी, विषारी धूर तिच्यात अडकतो आणि जाळी भरली की ती बदलायची, असा समज गॅरेजपासून डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेपर्यंत सगळीकडे आढळतो. या समजापोटी दोन उलट चुका होतात. चांगला चालणारा कन्व्हर्टर निव्वळ थंड असताना तपासला म्हणून बदलला जातो, आणि खरोखर निकामी झालेला रसायनाने धुऊन परत बसवला जातो. दोन्हीकडे पैसे गिऱ्हाइकाचेच जातात.

पेट्रोल गाडीतला कन्व्हर्टर विषारी धूर साठवून ठेवत नाही. वायूचे रेणू धातूच्या पृष्ठभागावर चिकटतात, तिथे त्यांची मोडतोड आणि नवी जोडणी होते, आणि तयार झालेले रेणू सुटून पुढे जातात. चिकटण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात. चिकटण्याइतकंच सुटणंही महत्त्वाचं आहे, आणि बहुतेकांचं गणित नेमकं याच अर्ध्या भागात चुकतं. खाली मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे CO चा माग काढला आहे. तो एक नीट समजला की बाकीचे वायू आणि गाडीवरची तपासणी दोन्ही सोपी जातात. डिझेल गाडीची यंत्रणा वेगळी असते; ती इथे घेतलेली नाही.

## तयारी: डब्यात काय आहे ते आधी नजरेसमोर आणा

बाहेरच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यात कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्यात आरपार बारीक चौकोनी नळ्या असतात, साधारणपणे एका चौरस इंचात 400 ते 600. या नळ्यांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खडबडीत, सच्छिद्र लेप दिलेला असतो. त्या लेपाच्या एका ग्रॅममध्येच शंभर चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग दडलेला असतो, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे काही नॅनोमीटरचे कण विखुरलेले असतात. सगळा मौल्यवान धातू मिळून जेमतेम काही ग्रॅम भरतो.

धातू इतका बारीक का करायचा, याचा हिशेब एकदा हातानेच करून पाहा. प्लॅटिनमची घनता 21.45 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. कण गोल धरले, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे 6 भागिले घनता आणि व्यास यांचा गुणाकार. व्यास 3 नॅनोमीटर असेल तर उत्तर सुमारे 93 चौरस मीटर येतं. तेच कण एकमेकांत वितळून 30 नॅनोमीटरचे झाले तर उरतात फक्त 9.3 चौरस मीटर. धातूचं वजन तेवढंच राहिलं, काम करणारी जागा मात्र दहा टक्क्यांवर आली. म्हणूनच भंगारवाला निकामी कन्व्हर्टरलाही चांगला भाव देतो: त्याला वजनाशी मतलब असतो, गाडीला पृष्ठभागाशी.

इथे थांबून तपासा: "कन्व्हर्टरमध्ये धातू आहे ना, मग चालेलच" हे वाक्य का चुकीचं आहे, ते वरच्या हिशेबावरून सांगता आलं तरच पुढे जा.

## टप्पा 1: वायू भिंतीपर्यंत पोचतो

इंजिनातून आलेला वायू नळीतून सेकंदाच्या छोट्याशा अंशात पार होतो. तेवढ्या वेळात त्यातले रेणू भिंतीकडे सरकून लेपाच्या छिद्रांत शिरावे लागतात. नळ्या अरुंद ठेवल्या आहेत त्या याचसाठी. ठोकळ्याला तडा गेला किंवा तो डब्यात सैल झाला, तर वायू बाजूच्या फटीतून निघून जातो आणि धातूला शिवतही नाही. गार कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखड वाजलं, तर बिघाड या पहिल्याच टप्प्यात आहे. पुढची रसायनं तपासायची गरजच उरत नाही.

## टप्पा 2: रेणू धातूला चिकटतात, पण सगळे सारखे नाहीत

CO चा रेणू कार्बनच्या टोकाने प्लॅटिनमच्या अणूला घट्ट चिकटतो. हे रासायनिक अधिशोषण आहे, म्हणजे प्रत्यक्ष बंध तयार होतो. नुसत्या भौतिक आकर्षणाने चिकटलेला रेणू इंजिनाच्या उष्णतेत क्षणभरही टिकला नसता.

ऑक्सिजनचं तसं नाही. O₂ पृष्ठभागावर येतो तो दुभंगतो, आणि दोन सुट्ट्या ऑक्सिजन अणूंना शेजारी-शेजारी रिकाम्या जागा लागतात. एसटीत एकट्या माणसाला कुठेही जागा मिळते, पण जोडप्याला लागून दोन जागा हव्या असतील तर गाडी थोडी तरी रिकामी असावी लागते, तशातला हा प्रकार.

गाडी नुकतीच चालू झालेली असते तेव्हा याचा फटका बसतो. धातू थंड असतो, CO येऊन सगळ्या जागा अडवतो आणि सुटत नाही. ऑक्सिजन वरून तसाच निघून जातो. CO आहे, ऑक्सिजन आहे, प्लॅटिनमही आहे, तरी अभिक्रिया होत नाही. इंधनाचे काही अर्धवट जळालेले रेणूही अशाच जागा अडवून बसतात.

नेहमीची चूक: "अधिशोषण जितकं घट्ट, तितका उत्प्रेरक चांगला" असं उत्तरपत्रिकेत हमखास दिसतं. फार सैल धरलं तर रेणू मोडत नाही आणि फार घट्ट धरलं तर जागा सुटत नाही. प्लॅटिनम आणि पॅलेडियम या कामाला योग्य ठरतात ते मधल्या मापाने धरतात म्हणून.

## टप्पा 3: तापमान वाढतं, जागा मोकळ्या होतात

धातू तापू लागला की चिकटलेले CO अधूनमधून सुटू लागतात. कुठेतरी शेजारच्या दोन जागा एकदम मोकळ्या होतात, तिथे ऑक्सिजन शिरतो आणि शेजारचा CO त्याच्याशी जोडला जाऊन CO₂ होतो. CO₂ ला या धातूशी फारसं सख्य नाही, तो लगेच उडून जातो. म्हणजे एका अभिक्रियेतून आणखी जागा मोकळ्या होतात, तिथे आणखी ऑक्सिजन येतो. शिवाय या अभिक्रियेत उष्णता निघते, धातू आणखी तापतो आणि सगळं झपाट्याने सुरू होतं. ज्या तापमानाला निम्मा वायू रूपांतरित होऊ लागतो त्याला लाइट-ऑफ तापमान म्हणतात. चांगल्या स्थितीतल्या कन्व्हर्टरला ते साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस असतं.

उष्णता किती, तेही बघू. एक मोल CO जळला की 283 किलोज्यूल निघतात. धुरात 1 टक्का CO असेल आणि तो सगळा पृष्ठभागावर जळला, तर त्या उष्णतेने वायूचं तापमान सुमारे 90 अंशांनी वाढतं. एवढ्याने काही बिघडत नाही. पण चारपैकी एका सिलिंडरचा प्लग मारत नसेल, तर त्यातलं न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकत्र कन्व्हर्टरवर येतात. मग तापमान कित्येक शंभर अंशांनी चढतं, धातूचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वेळप्रसंगी सिरॅमिकसुद्धा वितळतं.

सावधान: कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायला चालू इंजिनवर प्लगची वायर एकेक काढून बघायची जुनी सवय कन्व्हर्टरवाल्या गाडीत सोडून द्या. स्कॅनरवर मिसफायरची मोजणी पाहा. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तशीच सोलापूरहून पुण्यापर्यंत ओढू नका.

आणखी एक: तापलेला कन्व्हर्टर वाळलेलं गवत किंवा कडबा पेटवू शकतो. उन्हाळ्यात शेतात किंवा खळ्याच्या कडेला गाडी उभी करताना खाली काय आहे ते बघा. आणि हायवेवरून आल्या आल्या खालून पाण्याचा फवारा मारू नका, सिरॅमिकला तडा जातो.

## टप्पा 4: ऱ्होडियमवर NO मोडतो

नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काम उलट दिशेचं आहे, त्यांच्यातून ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. NO ऱ्होडियमवर चिकटतो आणि N व O वेगळे होतात. दोन N एकत्र येऊन N₂ म्हणून निघून जातात. ऑक्सिजन मात्र धातूवरच बसून राहतो, आणि तो CO ने येऊन नेला नाही तर पुढच्या NO ला जागा मिळत नाही.

इथे लॅम्डाचं महत्त्व कळतं. लॅम्डा म्हणजे इंजिनात प्रत्यक्ष गेलेली हवा भागिले इंधन पूर्ण जळायला लागणारी हवा. ऑक्सिजन जास्त झाला तर ऱ्होडियम ऑक्सिजननेच झाकला जातो आणि NO तसाच बाहेर पडतो. इंधन जास्त झालं तर CO आणि हायड्रोकार्बन उरतात. तिन्ही कामं एकाच वेळी लॅम्डा 1 च्या अगदी आसपास, साधारण एक टक्का इकडेतिकडेच नीट होतात. पूर्ण जळायला एका भाग इंधनाला वजनाने 14.7 भाग हवा, हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचं आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ते साडेतेराच्या जवळ येतं, म्हणून पाठ केलेल्या आकड्याऐवजी लॅम्डाच पाहावा. किरकोळ चढउतार लेपातलं सिरियम ऑक्साइड सांभाळतं. जास्तीचा ऑक्सिजन ते तात्पुरता धरून ठेवतं आणि कमी पडला की परत देतं.

## टप्पा 5: जागा पुन्हा रिकामी

CO₂, N₂ आणि पाणी सुटून गेलं की धातू होता तसाच उरतो आणि तीच जागा पुन्हा वापरली जाते. त्यामुळे धातू "संपतो" हे म्हणणं बरोबर नाही. जागा कमी होतात त्या दोनच तऱ्हेने. एक, अतिउष्णतेने कण मोठे होतात. दोन, असं काहीतरी येऊन बसतं जे सुटतच नाही: शिसं, इंजिन ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त, किंवा चुकीच्या सिलिकॉन सीलंटमधून आलेली सिलिका. पहिल्या प्रकारावर कुठल्याही धुण्याचा उपयोग नाही, कारण धुऊन कण लहान होत नाहीत. दुसऱ्यातही फॉस्फरसचा थर पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटलीने जात नाही. मोठ्या भपक्यात विकल्या जाणाऱ्या त्या बाटल्यांवर खर्च न केलेलाच बरा.

## गाडीवर तपासणी: क्रम बदलू नका

आधी गळती, मग तापमान, मग वायूंचं मोजमाप, आणि शेवटी सेन्सर. बहुतेक ठिकाणी स्कॅनरवर P0420, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी असल्याचा कोड, दिसला की थेट कन्व्हर्टरची ऑर्डर दिली जाते, म्हणजे क्रमाच्या शेवटापासून सुरुवात होते.

पहिलं, गळती. मॅनिफोल्डपासून टेलपाइपपर्यंत सांधे तपासा. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजनचं वाचन वाढतं आणि लॅम्डा 1.05 च्या वर दिसतो. अशा स्थितीत घेतलेल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

दुसरं, कन्व्हर्टर तापवा. किमान 15 ते 20 मिनिटं गाडी रस्त्यावर चालवा. होटगी रस्ता किंवा तुळजापूर रस्ता चालेल, सात रस्त्याच्या सिग्नलवरची रखडपट्टी चालणार नाही. सोलापुरात पारा 43 वर गेला म्हणून कन्व्हर्टर तापलेला असतो असं समजू नका. त्याला 250 पार करायचे आहेत, त्यात हवेतले दहा-वीस अंश कुठेच लागत नाहीत. आल्यावर लगेच मोजा. पीयूसीच्या रांगेत बराच वेळ आयडलवर उभी राहिलेली गाडी, विशेषतः जुनी, पुन्हा लाइट-ऑफच्या खाली उतरू शकते. मोजण्याआधी दोन-तीन मिनिटं 2500 आरपीएमवर ठेवा.

तिसरं, CO, हायड्रोकार्बन, CO₂ आणि ऑक्सिजन हे चारही वायू वाचा. नुसता CO बघून काही ठरत नाही, सोबत ऑक्सिजन बघावा लागतो. यामागचं कारण टप्पा 2 मध्येच आहे. कन्व्हर्टर तापलेला असताना CO जास्त आणि ऑक्सिजनही जास्त दिसत असेल, तर दोघे पृष्ठभागापर्यंत आले पण त्यांना जागा मिळाली नाही, दोष कन्व्हर्टरचा. CO जास्त पण ऑक्सिजन जवळजवळ शून्य असेल, तर पृष्ठभागाने मिळालेला सगळा ऑक्सिजन वापरला आणि तरी CO उरला. मिश्रण जाड आहे, दोष इंजिनाचा.

लॅम्डाचा इथे आणखी एक उपयोग आहे. विश्लेषक यंत्र तो धुरातल्या सगळ्या अणूंच्या हिशेबावरून काढतं. कन्व्हर्टर रेणू बदलतो, अणूंची एकूण गोळाबेरीज बदलत नाही. म्हणून गळती नसेल तर टेलपाइपवरचा लॅम्डा हा इंजिनातल्या मिश्रणाचाच लॅम्डा असतो, कन्व्हर्टर जिवंत असो वा मेलेला.

चौथं, कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर. साध्या झिरकोनिया प्रकारात पुढचा सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा 0.6 ते 0.7 च्या आसपास स्थिर असावा, कारण मधले चढउतार सिरियम ऑक्साइडने गिळलेले असतात. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर ऑक्सिजन साठवण्याची क्षमता गेली. पुढे वाइडबँड सेन्सर असलेल्या गाडीत त्याचे आकडे वेगळे असतात. तिथे फक्त मागच्याची स्थिरता पाहा.

नेहमीची चूक: इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं आणि मागचं तापमान मोजून "फरक नाही, म्हणजे मेला" असं सांगणं. चकचकीत स्टीलवर हे थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतं. आणि इंजिन स्वच्छ जळत असेल तर कन्व्हर्टरला जाळायला फारसं काही मिळतच नाही, त्यामुळे चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक थोडाच असतो.

## एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा बीएस4 पेट्रोल गाडी आहे, रोजचा वापर जुळे सोलापूर ते नवी पेठ. डिसेंबरच्या सकाळी घरातून निघून थेट पीयूसीला गेली. आयडलवर CO 0.55 टक्के, हायड्रोकार्बन 260 पीपीएम, ऑक्सिजन 0.9 टक्के, लॅम्डा 1.01. मर्यादा आयडलवर CO 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम आहे, म्हणजे गाडी नापास.

CO आणि ऑक्सिजन दोन्ही उरले आहेत, लॅम्डा बरोबर आहे. इंजिन ठीक आहे, पृष्ठभागावर काम होत नाही. पण एवढ्यावरून कन्व्हर्टर निकामी ठरवता येत नाही, कारण तो थंड असला तरी हुबेहूब हेच आकडे येतील. म्हणून गाडी होटगी रस्त्यावर वीस मिनिटं चालवून पुन्हा मोजायची. पुढे तीन शक्यता आहेत.

CO 0.05, हायड्रोकार्बन 40, ऑक्सिजन 0.2 असं आलं, तर कन्व्हर्टर चांगला आहे. काहीही बदलू नका.

2500 आरपीएमवर CO 0.1 येतो, पण दहा मिनिटं आयडलवर ठेवल्यावर पुन्हा 0.4 वर चढतो, आणि ऑक्सिजनही सोबत चढतो. कण मोठे झाले आहेत, उरलेल्या थोड्या जागांना काम सुरू करायला जास्त तापमान लागतं, म्हणजे लाइट-ऑफ वर सरकला आहे. हायवेवर ही गाडी स्वच्छ चालेल आणि पेठेत घाण सोडेल. कन्व्हर्टर म्हातारा झाला आहे. गरम करून पीयूसी पास होईलही, पण रोजच्या चार किलोमीटरच्या फेरीत तो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

तापवूनही 2500 वर CO 0.5, ऑक्सिजन 0.8, लॅम्डा 1.01 राहिला, तर कन्व्हर्टर गेला. हाय-आयडलची मर्यादा CO 0.2 टक्के आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 आहे.

याउलट, दुसऱ्या मोजणीत CO 1.8, ऑक्सिजन 0.1 आणि लॅम्डा 0.95 आला असता, तर कन्व्हर्टरला हात लावायचा नव्हता. इंजेक्टर, इंधनाचा दाब आणि पुढचा सेन्सर तपासायचा होता.

एक मर्यादा ध्यानात असू द्या: पीयूसीत NO मोजला जात नाही. फक्त ऱ्होडियमचं काम थांबलं असेल तर गाडी या सगळ्या आकड्यांत पास होऊन जाते.

## नवा बसवण्याआधी

जुना कशाने गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. पुढचं तोंड पांढुरकं, राखेसारखा थर असलेलं दिसलं, तर इंजिन ऑइल जाळतं आहे. ऑइलची पातळी हजार किलोमीटरला किती उतरते ते मोजा आणि आधी रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघा. ठोकळ्याचा मधला भाग वितळून नळ्या बुजलेल्या दिसल्या, तर मिसफायर झालेलं आहे. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर नीट केल्यावरच पुढचं काम. तोंड स्वच्छ आणि नळ्या मोकळ्या असूनही आकडे वाईट येत असतील, तर बहुधा कण मोठे झालेले आहेत, आणि ते डोळ्यांना कधीच दिसत नाहीत. सांधे बसवताना सेन्सरला चालणारंच सीलंट वापरा, डब्यावर तसं छापलेलं असतं. काम झाल्यावर पहिली मोजणी तापवूनच घ्या आणि चारही वायूंचे आकडे बिलाच्या मागे लिहून द्या. पुढच्या वर्षी तुलना करायला तेवढंच हाताशी असेल.